‘शविार’चं ‘शिवार’ होईपर्यंत

मामेभावाचं शेतीच्या व्हिडिओंचं चॅनेल आहे. गोदाकाठच्या गावात राहतो, सोयाबीन, कापूस, तूर असं जे शेतात चाललंय ते मोबाईलवर घेतो आणि टाकतो. दिवाळीत म्हणाला, “तुझा स्टुडिओ हाय, लग्नाचे व्हिडिओ करायलास, मला सुरुवातीला ते नाव फिरून येतंय तसलं काहीतरी करून दे की.” नाव ‘शिवार’, खाली बारीक अक्षरात ‘मातीतल्या गोष्टी’. पाच सेकंदांचं काम, त्यात काय, असं म्हणून मी हो म्हणालो. मानवतला माझा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. एडिटिंग येतं, पण थ्रीडी करायचं ब्लेंडर तोवर फक्त डाउनलोड करून ठेवलेलं होतं.

चार-पाच ट्युटोरियल बघितले. सगळ्यांची सुरुवात सारखीच: Shift+A दाबा, Text घ्या, Tab दाबून नाव लिहा, Extrude वाढवून जाडी द्या, झालं. मी ‘शिवार’ दुसरीकडे टाईप करून कॉपी केलं आणि तिथं पेस्ट केलं. स्क्रीनवर आलं ‘शविार’. आधी वाटलं टाईप करताना चुकलो. पुन्हा केलं, पुन्हा तेच. खालची ओळ तर आणखी विचित्र, ‘गोष्टी’मधल्या ष चा पाय मोडलेला आणि ट वेगळा उभा. भावाला फोटो पाठवला तर त्याचा लगेच फोन, “हे शविार काय लिहायलास रं? लोकं हसतील की.”

चूक फॉन्टची असेल म्हणून तीन फॉन्ट बदलले. तिन्हीत तेच. मग डोक्यात प्रकाश पडला. आपण ‘शि’ लिहितो तेव्हा कॉम्प्युटरमध्ये आधी श असतो आणि त्याच्यामागे वेलांटी. ती उचलून श च्या अलीकडे नेऊन बसवायचं काम कुणीतरी मधे करावं लागतं. जोडाक्षराचंही तसंच, ष, हलन्त आणि ट असे तिघे एका आकारात आणायचं काम वेगळं असतं. वर्डमध्ये, ब्राउझरमध्ये, मोबाईलमध्ये ते काम गुपचूप होतं. ब्लेंडरचं Text ऑब्जेक्ट ते करत नाही, माझ्याकडच्या 4.2 मध्ये तरी नाही. ते एकेक चिन्ह जसं आलं तसं रांगेत मांडतं. वेलांटी श च्या नंतर उभी राहते, तिची कमान पुढच्या व वर जाते, आणि डोळा वाचतो ‘शवि’. म्हणजे कितीही फॉन्ट बदला, उपयोग नाही.

उपाय सापडला शेजारच्या फ्लेक्सच्या दुकानात. तिथला मित्र दिवसभर वाढदिवसाचे आणि दशक्रियेचे बॅनर करतो. मी त्याला रडगाणं सांगितलं तर तो मानही न वळवता म्हणाला, “मग फॉन्ट कशाला न्यायलास, कर्व्ह करून ने की.” प्रेसला फाईल देताना ही मंडळी अक्षरांचं कर्व्ह करूनच देतात, म्हणजे तिकडे फॉन्ट नसला तरी अक्षर बदलत नाही. एकदा कर्व्ह केलं की ते अक्षर राहत नाही, नुसता आकार होतो. आणि ब्लेंडरला आकार कळतो.

त्याच्या कोरलड्रॉमध्ये आम्ही ‘शिवार’ लिहिलं. फॉन्ट घेतला बालू. तो मुंबईच्या ‘एक टाईप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी केलेला, मोफत मिळणारा आणि चांगला गुबगुबीत आहे. बारीक अक्षर जाड करायला गेलं की पत्र्यासारखं दिसतं, त्यामुळे जाडीचं काम असेल तर अक्षर मुळातच भरलेलं घ्यावं. Ctrl+Q ने कर्व्ह केलं, एसव्हीजी काढली, पेनड्राइव्हमध्ये घेऊन आलो. कोरल नसेल तर हेच सगळं इंकस्केपमध्ये फुकट होतं, तिथं Object to Path म्हणायचं.

ब्लेंडरमध्ये File, Import, Scalable Vector Graphics. काहीच दिसेना. तीनदा इम्पोर्ट केलं. उजवीकडच्या यादीत नावं तीन-तीनदा दिसत होती, समोर मात्र तो सुरुवातीचा राखाडी ठोकळा तेवढा. वैतागून ठोकळा डिलीट केला तर आत मधोमध मुंगीएवढं ‘शिवार’ पडलेलं! कोरलमध्ये ते दहा सेंटिमीटर रुंद होतं, आणि ब्लेंडरने प्रामाणिकपणे दहा सेंटिमीटरच आणलं. ठोकळा दोन मीटरचा, त्याच्या पोटात ते कुठून दिसणार. जास्तीच्या दोन प्रती पुसल्या, उरलेली सगळी निवडून S दाबलं, 40 टाईप केलं, Enter. चार मीटरचा लोगो झाला.

इथं एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. मी लगेच Extrude मध्ये 0.05 टाकलं आणि अक्षरांच्या जागी खांब उभे राहिले. 0.05 म्हणजे पाच सेंटिमीटर दोन्ही बाजूंना, एवढंच व्हायला हवं होतं. पण ब्लेंडरच्या लेखी ते अजून दहा सेंटिमीटरचंच अक्षर होतं, फक्त चाळीसपट भिंगातून बघितलेलं. त्यामुळे जाडीही चाळीसपट, दोन्हीकडे दोन-दोन मीटर. मोठं केल्यावर Ctrl+A दाबून Scale म्हणायचं, म्हणजे ते भिंग निघतं आणि आकार खरोखर तेवढा होतो. N दाबल्यावर बाजूला जी पट्टी येते तिच्यात Scale समोर 1 दिसलं की समजायचं झालं.

खांब गेले, आता शिरोरेषेवर भोकं. ‘शि’ आणि ‘वा’ जिथं जोडले जातात तिथं उंदराने कुरतडल्यासारखे चौकोनी खड्डे. याचं कारण फॉन्टमध्येच आहे. प्रत्येक अक्षर आपापली रेघ डोक्यावर घेऊन येतं आणि ती शेजाऱ्याच्या रेघेवर थोडी चढते, म्हणून छापल्यावर सलग दिसते. पण एकाच कर्व्हमध्ये दोन आकार एकमेकांवर चढले की ब्लेंडर त्या भागाला भोक समजतं. व च्या पोटातली पोकळी त्याला ज्या नियमाने कळते, त्याच नियमाने इथं फसगत होते. परत फ्लेक्सच्या दुकानात. तो म्हणाला, “वेल्ड केलं नव्हतंस व्हय?” वेल्ड म्हणजे सगळे आकार वितळवून एकच बाहेरची कड ठेवायची. इंकस्केपमध्ये त्याला Union म्हणतात. केलं, भोकं गेली.

एवढं झाल्यावर खरं तर काम संपलं असतं. अख्खा शब्द गोल फिरवला असता आणि दिला असता. पण वेल्ड केलेला तो शब्द बघताना बालवाडीतली पाटी आठवली. आम्हाला बाई आधी अक्षरं लिहायला लावायच्या, रेघ सगळ्यात शेवटी, शब्दाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात. म्हटलं, लोगो तसाच करू. अक्षरं उभी राहतील आणि मग वरून रेघ ओढली जाईल.

त्यासाठी वेल्ड केलेल्या शब्दातून शिरोरेषा कापून काढायची होती. रेघेच्या उंचीचा एक लांब चौकोन वर ठेवला आणि Trim केलं. रेघ गेल्याबरोबर सगळी अक्षरं सुटी झाली, कारण ती एकमेकांना फक्त डोक्यावरच धरून होती. Ctrl+K ने तुकडे वेगळे केले. मी मोजून पाच चिन्हं लिहिली होती, तुकडे निघाले आठ. श चेच दोन, कारण त्याचं वळण आणि काना रेघ नसेल तर कुठंच चिकटलेले नाहीत. ग आणि ण चंही असंच होणार, हे पुढच्या कामासाठी लक्षात ठेवलं. वेलांटीचे दोन, खालचा दांडा आणि रेघेच्या वरची कमान. व, त्याचा काना आणि र हे एकेक, झाले सात. आठवा कोणता म्हणून बघतोय तर व चं पोट बुजून गेलेलं. ती आतली पोकळी वेगळी होऊन भरीव ठिपक्यासारखी व वरच बसली होती. व आणि तो ठिपका दोन्ही निवडून Ctrl+L केलं की पोकळी परत पोकळी होते. मग त्याच पद्धतीने ‘शि’चे चार तुकडे एक, ‘वा’चे एक, आणि र. तीन ऑब्जेक्ट. तो कापायला वापरलेला चौकोनच माझी शिरोरेषा झाली, वेगळी चौथी. खालची ओळ अख्खी एकत्र ठेवली, तिचं कौतुक करत बसायला वेळ नव्हता.

पुन्हा इम्पोर्ट, पुन्हा 40, पुन्हा Ctrl+A. R, X, 90 ने सगळं उभं केलं. कर्व्हच्या हिरव्या टॅबमध्ये Geometry खाली Extrude 0.05 आणि Bevel चा Depth 0.01. कडा गोल झाल्या की त्यांच्यावर उजेड चमकतो, नाहीतर अक्षर पुठ्ठ्यातून कापल्यासारखं वाटतं. पण बेव्हल अक्षराला बाहेर फुगवतो. खालच्या ओळीत ‘ष्टी’ची पोकळी जवळपास मिटलीच. तिथंच वर Offset नावाची जागा आहे, तिच्यात उणे 0.01 टाकलं. जेवढं फुगलं तेवढं आधीच आत ओढलं, हिशोब बरोबर.

रेघ परत अक्षरांवर ठेवली तर मधे बारीक चर दिसायला लागली. साहजिक होतं. दोघांच्याही कडा गोल, दोन गोल कडा भेटल्या की मधे खाच पडणारच. विटांच्या सांध्यासारखं दिसत होतं. रेघेची उंची खालच्या बाजूला जराशी वाढवून ती अक्षरांवर चढवली आणि तिचा Extrude 0.06 केला. ती सेंटिमीटरभर पुढे आल्यामुळे खाच झाकली, आणि वर ठसठशीत पट्टीसारखी दिसायला लागली. ब्लेंडरमध्ये वेगवेगळ्या ऑब्जेक्टनी एकमेकांत घुसलेलं चालतं, भोकाची भानगड फक्त एकाच कर्व्हच्या आत होते.

हलवायचं काम मला सगळ्यात सोपं गेलं, कारण एडिटिंगमुळे की-फ्रेमची, म्हणजे कोणत्या फ्रेमला वस्तू कशी असेल ते नोंदवायची, सवय होती. भावाचे मोबाईलचे व्हिडिओ 30 फ्रेमचे, म्हणून इथंही Frame Rate 30 केला आणि End ला 120, म्हणजे चार सेकंद. आपण काही बदललं नाही तर ब्लेंडर 24 धरतं, आणि 24 ची क्लिप 30 च्या व्हिडिओत टाकली की मधे-मधे फ्रेम दुहेरी होऊन हालचाल अडखळते. लग्नाच्या कामात हे भोगून झालेलं आहे.

अक्षरं जमिनीवर आडवी पडलेली असतात आणि उठून उभी राहतात, असं ठरवलं. उठताना ती पायाशी मुडपली पाहिजेत. आधी ती पोटातून फिरत होती, जत्रेतल्या पाळण्यासारखी. कारण ऑब्जेक्ट ज्या केशरी ठिपक्याभोवती फिरतं तो कुठंतरी मध्यावर होता. Tab दाबून र चा सगळ्यात खालचा बिंदू निवडला, Shift+S, Cursor to Selected. मग बाहेर येऊन तिन्ही अक्षरं निवडली आणि Object, Set Origin, Origin to 3D Cursor. तिघांचा पाया एकाच ओळीत असल्यामुळे एकच जागा तिघांना चालली. शिरोरेषेचा ठिपका याच पद्धतीने तिच्या डाव्या टोकाला नेला, म्हणजे ती तिथून उजवीकडेच वाढेल.

ट्युटोरियलमध्ये I दाबल्यावर यादी उघडत होती, माझ्याकडे काही उघडेना आणि सगळ्याच गोष्टींच्या की-फ्रेम पडायच्या. नव्या आवृत्तीत ते बदललंय. मी सरळ N च्या पट्टीत Rotation च्या आकड्यावर माऊस नेऊन I दाबायला लागलो, तेवढ्याचीच की पडते. ‘शि’ 1 ल्या फ्रेमला X मध्ये 0, 20 व्या फ्रेमला 90. ‘वा’ त्याच्या मागे सहा फ्रेम, र आणखी सहा. शिरोरेषेचा X चा Scale 34 व्या फ्रेमला 0 आणि 54 व्या फ्रेमला 1. खालची ओळ 60 ते 75 मध्ये वर सरकते, आणि उरलेला दीड सेकंद काही हलत नाही, वाचायला.

बघितलं तर सगळं फार शहाण्यासारखं हळूच थांबत होतं. सगळ्या की जिथं ओळीने दिसतात त्या Dope Sheet मध्ये अक्षरांची पहिली की निवडून T दाबलं आणि Back घेतलं. आता अक्षर उभं राहताना जरा जास्तच पुढे जातं आणि मग सरळ होतं, वाऱ्याने ज्वारीचं ताट डुलावं तसं. हे मी आधी दुसऱ्या की वर करत बसलो होतो आणि काहीच फरक पडत नव्हता. दोन कीच्या मधली चाल डावीकडच्या कीच्या ताब्यात असते.

रंगावरून भावाशी वाजलं. चॅनेलचा त्याचा हिरवा ठरलेला आहे, मी कोड तंतोतंत टाकला होता. तरी त्याचं म्हणणं, “हे फिकं दिसायलंय, पाणी न मिळालेल्या पिकावानी.” बरोबर होतं त्याचं. ब्लेंडर 4.0 पासून चित्र दाखवताना AgX नावाची रंगछटा आपोआप लावतं. खऱ्या दृश्यात उजेडाचे भपकारे त्यामुळे सौम्य होतात, पण लोगोचे ठरीव रंग मळतात. Render च्या टॅबमध्ये खाली Color Management, तिथं View Transform ला Standard केलं आणि हिरवा जागेवर आला. रेघ सोनेरी हवी होती. Metallic 1 केलं तर ती काळपट, शेणाने सारवल्यासारखी. धातूला स्वतःचा रंग कमी, समोर जे असेल ते तो दाखवतो, आणि समोर होतं राखाडी रिकामपण. पॉली हेवन या साइटवरून मोकळ्या मैदानाचं एक एचडीआरआय, म्हणजे उजेडासकट चौफेर चित्र, फुकट मिळालं, ते World मध्ये लावलं. तेव्हा कुठं सोनं दिसलं.

आता रेंडर, म्हणजे एकेका फ्रेमचं पक्कं चित्र काढणं. माझ्या लॅपटॉपला ग्राफिक कार्ड नाही. Cycles या रेंडर इंजिनवर, सॅम्पल 64 आणि Denoise चालू ठेवून एका फ्रेमला जवळपास एक मिनिट पन्नास सेकंद लागत होते. 120 फ्रेमचे तीन तास चाळीस मिनिटं. रात्री जेवून लावलं, आउटपुट थेट एमपीफोर. 80 फ्रेम झाल्या असतील, लाईट गेली. बॅटरीने अर्धा तास धीर धरला, मग तीही गेली. सकाळी फाईल होती, पण कशातच उघडेना. एमपीफोरची अनुक्रमणिका सगळ्यात शेवटी लिहिली जाते. ती लिहायच्या आधीच बंद पडलं तर आतल्या झालेल्या फ्रेमही गेल्याच.

दुसऱ्या रात्री आउटपुट पीएनजी केलं, प्रत्येक फ्रेमची वेगळी फाईल, आणि Overwrite ची खूण काढली. म्हणजे ज्या फाईल झालेल्या आहेत त्या सोडून पुढचंच रेंडर होतं. लाईट परत गेलीच, पण या वेळी फक्त शेवटची एक फाईल अर्धवट होती. आकाराने ती बाकीच्यांपेक्षा लगेच लहान दिसते. ती पुसायची, नाहीतर झालेली समजून तीही सोडली जाते. उरलेलं मी ब्लेंडर न उघडता कमांडवरून लावलं, आठ जीबी रॅममध्ये तेवढाच मोकळा श्वास:

```
blender -b shivar.blend -s 81 -e 120 -a
```

यात -a शेवटीच हवा. तो आधी लिहिला तर पुढचे आकडे वाचायच्या आधीच रेंडर सुरू होतं.

सगळ्या पीएनजी ब्लेंडरच्याच Video Sequencer मध्ये एका ओळीत आणल्या. आवाजासाठी काकूकडून पाटी आणि पेन्सिल आणून रेघ ओढल्याचा आवाज मोबाईलवर घेतला आणि 34 व्या फ्रेमला लावला. पहिली फाईल मुकीच निघाली, कारण आउटपुटच्या Audio Codec समोर No Audio होतं. तिथं AAC केलं.

भावाला पाठवलं. पाच मिनिटांनी फोन आला. “अक्षरं लै भारी. पण ती रेघ येईस्तोवर लोकं पुढं ढकलून देतील रं.” चार सेकंद त्याला फार वाटत होते. मोबाईलवर बघितल्यावर मलाही वाटले. Dope Sheet मध्ये प्लेहेड 1 वर आणला, A ने सगळ्या की निवडल्या, S दाबून 0.6. सगळ्या चाली एकाच प्रमाणात आवळल्या, 75 व्या फ्रेमला संपणारं 45 लाच संपायला लागलं. End ला 75 केलं, म्हणजे अडीच सेकंद. जुन्या पीएनजी मात्र फोल्डरमधून आधी काढल्या, कारण Overwrite ची खूण अजून काढलेलीच होती आणि ब्लेंडरने 75 च्या 75 फ्रेम झालेल्याच समजल्या असत्या. पेन्सिलचा आवाज 21 व्या फ्रेमवर सरकवला, आणि लाईट आहे तोवर रेंडर लावलं.